ऑस्ट्रॉमबाईंचं पुस्तक आणि आपली मानस: ‘गव्हर्निंग द कॉमन्स’बद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एलिनॉर ऑस्ट्रॉम यांच्या या पुस्तकावर फोंड्यातल्या आमच्या वाचनमंडळात मी बोललो, तेव्हापासून तेच ते प्रश्न फोनवर आणि बाजारात भेटल्यावरही येत असतात. शीर्षकातली मानस म्हणजे नदीकाठच्या खाजन शेताच्या बांधातलं पाण्याचं दार, तिच्याकडे पुढे येतोच. काही जणांना पुस्तक काय म्हणतं तेवढंच हवं असतं. काहींना ‘आमच्या गावकारीला नोबेल मिळालं’ असं ऐकायचं असतं, गावकारी म्हणजे गोव्यातल्या गावांची जमीन सामाईकपणे सांभाळणारी जुनी संस्था. त्या दुसऱ्या मंडळींची निराशा होईल.

हे पुस्तक आहे कशाबद्दल?

कुरण, पाट, मासेमारीचा किनारा, भूजल अशा गोष्टी अनेकांच्या असतात आणि कोणाच्याच एकट्याच्या नसतात. प्रत्येकाने जरा जास्त ओरबाडलं तर शेवटी सगळ्यांचंच नुकसान होतं. १९६८ साली गॅरेट हार्डिन या जीवशास्त्रज्ञाने कुरणाचं उदाहरण घेऊन हे फार प्रभावीपणे मांडलं, आणि धोरण ठरवणाऱ्यांनी त्यातून दोनच औषधं काढली. एक, सरकारने ताबा घ्यावा. दोन, तुकडे पाडून खासगी मालकांना द्यावेत.

ऑस्ट्रॉम अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठात राज्यशास्त्राच्या प्राध्यापक होत्या. १९९० साली आलेल्या या पुस्तकात त्या म्हणतात की तिसरी वाटही आहे आणि ती जगात ठिकठिकाणी प्रत्यक्ष चालू आहे. वापरणारे लोकच नियम करतात, राखण करतात, दंड करतात, आणि काही ठिकाणी हे शेकडो वर्षं टिकलेलं आहे. २००९ साली त्यांना ऑलिव्हर विल्यमसन यांच्याबरोबर अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. अर्थशास्त्रात ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या बाई.

एक गोष्ट आधीच सांगतो. लोकांवर सोपवलं की सगळं सुरळीत होतं, असं पुस्तकात कुठेही म्हटलेलं नाही. पाचवं प्रकरण सगळंच्या सगळं फसलेल्या आणि डळमळीत व्यवस्थांबद्दल आहे. पुस्तकाच्या नावाने भाषणं करणारे ते प्रकरण बहुधा वगळतात.

मूळ युक्तिवाद आकडेमोडीशिवाय सांगता येईल का?

येईल, पण आकडेमोडीतच गंमत आहे आणि ती चौथीच्या मुलालाही जमेल अशी आहे.

एका कुरणावर दोन गुराखी आहेत. दोघांनीही ठरलेली मर्यादा पाळली तर प्रत्येकाला १० मिळतात. एकाने पाळली आणि दुसऱ्याने मोडली तर मोडणाऱ्याला ११ मिळतात आणि पाळणाऱ्याचा १ तोटा होतो. दोघांनीही मोडली तर दोघांच्या हाती शून्य. आता प्रत्येकजण मनात हिशेब करतो. समोरचा पाळणार असेल तर मला १० पेक्षा ११ बरे. समोरचा मोडणार असेल तर तोट्यात जाण्यापेक्षा शून्य बरं. म्हणजे काहीही झालं तरी मोडणंच शहाणपणाचं, आणि दोघे शहाणे मिळून शून्यावर येतात.

आता सरकारी अधिकारी आला. मोडणाऱ्याला तो २ दंड करतो. त्याने दर वेळी अचूक पकडलं तर मोडणाऱ्याच्या हाती ११ उणे २, म्हणजे ९ राहतात. पाळणाऱ्याला १० मिळतात. प्रश्न सुटला. सरकारी ताब्याचं सगळं समर्थन या एका पायरीवर उभं आहे.

ऑस्ट्रॉम इथे एकच साधा प्रश्न विचारतात: त्या अधिकाऱ्याला कळतं कसं? समजा तो दहातल्या सात वेळा बरोबर ठरतो. उरलेल्या तीन वेळा लबाड सुटतो किंवा सरळ माणसाला दंड होतो. मग सरळ माणसाच्या १० मधून सरासरी ०.६ जातात आणि ९.४ उरतात. लबाडाच्या ११ मधून सरासरी १.४ जातात आणि ९.६ उरतात. लबाडी पुन्हा वरचढ! अचूकता ७५ टक्के झाली की दोघेही ९.५ वर येतात, आणि त्यापुढे गेली तरच नियम पाळणं परवडतं. अधिकाऱ्याचा पगार, गाडी आणि कार्यालय या हिशेबात धरलेलंच नाही. ज्याची गुरं त्याच कुरणावर चरतात त्या शेजाऱ्याला मात्र कोण काय करतं ते आपोआप दिसत असतं. म्हणून राखण त्याने करावी आणि दंडाचा करारही त्या लोकांनी आपसात करावा, असा युक्तिवाद पुढे जातो.

पुस्तकातला हा भाग मला सगळ्यात भक्कम वाटतो. सरकार वाईट आहे असं न म्हणता, सरकारला जी माहिती लागेल ती फुकट मिळते असं तुम्ही गृहीत धरलंत, एवढंच त्या दाखवून देतात. हे आजही खोडता येत नाही.

मग यात खोट कुठे आहे?

त्याच गणितात. दहात तीन चुका होतात त्या कोणाच्याही वाट्याला सारख्याच येतात, असं त्यात धरलेलं आहे. गावात तसं होत नाही. गावात चुकीला दिशा असते. राखणदार भाटकाराकडे, म्हणजे जमीनमालकाकडे, कामाला असेल तर भाटकाराची गुरं त्याला दहात दोनदाच दिसतील आणि त्याच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्या मुंडकाराची न मोडताही दिसतील. भाटकारासाठी दंडाचा सरासरी भार ०.४, म्हणजे मर्यादा मोडूनही त्याच्या हाती १०.६ राहतात. त्याने नियम का पाळावा? आणि मुंडकाराने तरी, पाळूनही दंड होणारच असेल तर?

म्हणजे पणजीहून येणाऱ्या अधिकाऱ्याला जो प्रश्न पुस्तक विचारतं, तोच गावातल्या राखणदाराला त्याच कडकपणे विचारायला हवा होता. पुस्तकात तो येतो, पण ओझरता. एकमेकांवर लक्ष ठेवणारे सगळे साधारण एका पातळीवरचे आहेत असं चित्र मनात धरून ते लिहिलेलं आहे. स्विस डोंगरातल्या गावात ते कदाचित खपून जाईल. आपल्याकडे नाही खपत.

ती प्रसिद्ध आठ तत्त्वं कोणती?

दीर्घकाळ टिकलेल्या व्यवस्थांत ऑस्ट्रॉम यांना सापडलेल्या समान गोष्टी त्या. कोण वापरू शकतो आणि साठ्याची हद्द कुठवर, हे स्पष्ट असतं. नियम तिथल्या माती-पाण्याला साजेसे असतात, आणि ज्यांना ते पाळायचे असतात त्यांना ते बदलताही येतात. राखण करणारे वापरणाऱ्यांतलेच असतात किंवा वापरणाऱ्यांना जाब देणारे असतात. पहिल्या चुकीला लहान दंड, पुन्हा केली तर मोठा. भांडण मिटवायला जवळची आणि स्वस्त जागा असते. वरचं सरकार या व्यवस्थेला निदान मोडत तरी नाही. आणि पसारा मोठा असेल तर लहान मंडळं मोठ्या मंडळात गुंफलेली असतात.

ही तत्त्वं म्हणजे अनिवार्य अटी आहेत असं म्हणायला आपण अजून तयार नाही, असं पुस्तकात स्वतः ऑस्ट्रॉमच सांगतात. पुढे प्रकल्पांच्या अहवालांत याच आठ ओळी चौकटीत घालून ‘हे करा म्हणजे होईल’ अशा वापरल्या गेल्या. त्याचा दोष पुस्तकावर अर्धाच येतो. पण अर्धा येतोच, कारण ज्या गोष्टीला ‘रचनेची तत्त्वं’ असं नाव दिलं, ती लोक रचना करायलाच वापरणार.

पुराव्याचा दर्जा कसा आहे? निवडक उदाहरणं घेतली असा आरोप ऐकतो.

आरोप अर्धवट खरा आहे.

उदाहरणं बहुतेक दुसऱ्यांच्या अभ्यासातून घेतलेली आहेत. स्वित्झर्लंडमधल्या टोर्बेल गावाचं कुरण, जपानी गावांची सामाईक राने, स्पेनमधल्या व्हॅलेन्सिया भागातले पाट, फिलिपाइन्समधले झांहेरा नावाचे पाटकऱ्यांचे गट. लॉस एंजेलिसच्या भूजलाचं प्रकरण मात्र त्यांचं स्वतःचं, कारण त्यांची डॉक्टरेटच त्यावर होती. ते वाचताना फरक लगेच कळतो. तिथे माणसं वाटाघाटी करतात, कोर्टात जातात, थकतात. इतर उदाहरणांत फक्त नियम दिसतात.

टोर्बेलचा एक नियम मला फार आवडतो. १५१७ सालचा आहे: हिवाळ्यात घरच्या वैरणीवर जितक्या गाई पोसता येतील, तितक्याच उन्हाळ्यात सामाईक कुरणावर न्याव्यात. मोजायला सोपा आणि चोरायला कठीण, कारण शेजाऱ्याच्या गोठ्यात हिवाळाभर किती गाई होत्या हे सगळ्या गावाला माहीत. जास्त नेल्याचा दंड वसूल करणाऱ्याला त्यातला निम्मा मिळायचा. असा तपशील आला की युक्तिवाद जिवंत होतो.

पण टिकलेल्या व्यवस्था निवडायच्या आणि त्यांच्यात समान काय ते शोधायचं, या पद्धतीत मूळचाच धोका आहे. मेलेल्या व्यवस्थांतही त्याच गोष्टी होत्या का, हे तपासल्याशिवाय काही सिद्ध होत नाही. ऑस्ट्रॉम यांना हे कळत होतं, म्हणून पाचव्या प्रकरणात फसलेली उदाहरणं घेऊन त्या तक्ता मांडतात: कुठलं तत्त्व होतं, कुठलं नव्हतं, कुठलं कमजोर होतं. टीकाकार हा तक्ता विसरतात. तरीही प्रकरणं मोजकी, आणि ‘होतं’ की ‘कमजोर’ हे ठरवणारी व्यक्ती तीच जिने तत्त्वं काढली. एखाद्या व्यवस्थेचा शेवट आधीच माहीत असेल तर ‘कमजोर’ हा शेरा हातातून सहज सुटतो.

पुढे इतरांनी तपासणी केली. २०१० साली कॉक्स, आर्नल्ड आणि व्हियामायोर-तोमास यांनी ९१ अभ्यास एकत्र करून पाहिले आणि तत्त्वांना बऱ्यापैकी आधार मिळतो असं म्हटलं. मात्र तीन तत्त्वं दोन-दोन भागांत फोडावी लागली. उदाहरणार्थ, वापरणारे कोण हे ठरलेलं असणं आणि साठ्याची हद्द ठरलेली असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नदीतल्या माशाची हद्द कोण आखणार?

श्रीलंकेच्या मावेल्लेचं उदाहरण आपल्या रापणीसारखंच वाटतं. तसंच आहे ना?

जाळ्याची पद्धत तीच, गोष्ट वेगळी. आणि हा फरक पुस्तकाची मर्यादा नेमकी दाखवतो.

मावेल्ले या गावात किनाऱ्यावरून ओढायची मोठी जाळी होती. कोणाचं जाळं कधी आणि कुठे पडेल याची पाळी बारकाईने ठरलेली, त्यामुळे चांगली जागा सगळ्यांच्या वाट्याला आळीपाळीने यायची. पण एकूण जाळी किती असावीत याला आळा नव्हता. माशाला भाव आल्यावर जाळी वाढत गेली, पाळी लांबत गेली आणि प्रत्येक जाळ्यामागे उत्पन्न घटलं. जाळ्यांच्या संख्येवरचा सरकारी नियम कागदावर होता, तो राबवला गेला नाही. ऑस्ट्रॉम यांचं निदान असं की वाटपाचा नियम होता पण प्रवेशाचा नव्हता. ते पटतं.

आपल्या रापणकारांकडे माणसं ठरलेली, वाटे ठरलेले, किनारा ठरलेला. घरातून पोखरलं गेलं असं त्यांच्याबाबत म्हणता येणार नाही. साठच्या दशकापासून ट्रॉलर आले, तेही सरकारी मदतीच्या जोरावर, आणि मासळी किनाऱ्याला लागायच्या आधीच बाहेर उचलली जाऊ लागली. सत्तरच्या दशकात रापणकारांचं आंदोलन झालं, १९८० साली सागरी मासेमारी नियमनाचा कायदा आला आणि किनाऱ्यालगतच्या पट्ट्यात यांत्रिक ट्रॉलरना मनाई झाली. तो पट्टा पाळला जातो का, हे बाणावलीच्या किंवा हरमलच्या कोणत्याही रापणकाराला विचारा.

पुस्तकाच्या भाषेत इथे सातवं तत्त्व तुटलं, सरकारने मान्यता दिली नाही. पण ‘मान्यता दिली नाही’ हे फार सौम्य झालं. सरकारने एका गटाला भांडवल पुरवून दुसऱ्या गटाच्या साठ्यावर सोडलं. असं सरकार का वागतं, कोणाच्या दबावाने वागतं, याचं विवेचन पुस्तकात नाही. राजकीय अर्थशास्त्राच्या ग्रंथमालेत आलेल्या पुस्तकात राजकारणच थोडं पातळ आहे, ही माझी मुख्य तक्रार.

खाजन शेती आणि गावकारी या आठ तत्त्वांत बसतात का?

सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न हाच. सविस्तर सांगतो.

आधी वस्तू पाहू. झुआरीच्या काठाने दुर्भाटकडून शिरोड्याकडे जाताना नदी आणि शेत यांच्यामध्ये मातीचा लांब बांध दिसतो. शेत बऱ्याचदा भरतीच्या पाण्यापेक्षा खालच्या पातळीवर असतं. बांधात एका ठिकाणी जांभ्या दगडाचं बांधकाम आणि त्यात लाकडी दारं, ती मानस. भरती चढू लागली की बाहेरच्या पाण्याच्या दाबाने दार आपोआप मिटतं. ओहोटीला आतलं पाणी दार ढकलून बाहेर जातं. त्या बाहेर जाणाऱ्या पाण्यावर रात्री जाळं लावलं की कोळंबी आणि मासे मिळतात, आणि हा मासे धरायचा हक्क लिलावाने दिला जातो. आत पावसाळ्यात खारं पाणी सोसणारं कोरगुटसारखं भात. बांध फुटला किंवा दार कुजलं तर खारं पाणी आत येतं, आणि मग एका पावसात शेत सुधारत नाही.

जुनी व्यवस्था अशी होती. जमीन गावकारीची, म्हणजे कोमुनिदादची. लिलावातून आणि जमिनीच्या खंडातून येणारा पैसा तिच्याच पेटीत. त्यातून बांधाची डागडुजी, देवळाचा आणि गावाचा खर्च, कर, आणि उरलेलं गावकारांना वाटून. पोर्तुगीजांनीसुद्धा ही रीत मोडली नाही, लिहून घेतली. १५२६ सालचा आफोंसो मेशियाचा फोराल म्हणजे तिसवाडीतल्या गावकारांच्या रूढींची नोंदच. पुढे कोमुनिदादींची संहिता झाली आणि तिची शेवटची आवृत्ती मुक्तीच्या वर्षीच, १९६१ साली आली.

आता आठ तत्त्वं लावून पाहा. हद्द आणि सभासद स्पष्ट, नियम जागेला साजेसे, गावकारांची सभा होती, राखण होती, दंड होते, वरून मान्यता होती. परीक्षकाने भराभर गुण द्यावेत अशी उत्तरपत्रिका. मग बांध का फुटतात?

माझं उत्तर असं. जुन्या व्यवस्थेत मासळीचा पैसा आणि भाताचं नुकसान एकाच पेटीत यायचं. मानस घेणाऱ्याने दार जास्त उघडं ठेवून कोळंबी वाढवली तर भात बुडणार, आणि भात बुडालं तर खंड बुडणार, हे पेटी सांभाळणाऱ्याला दिसायचं. म्हणून लिलावात अटी घातल्या जायच्या आणि त्या मोडल्या की झळ पेटीलाच लागायची.

१९६४ चा कूळ कायदा आणि १९७६ ची त्याची पाचवी दुरुस्ती यांनी कसणाऱ्या कुळाला जमिनीचा मालक मानलं. न्यायाच्या दृष्टीने हे व्हायलाच हवं होतं. पण बांध एकेका तुकड्याचा नसतो, तो साऱ्या शेताचा असतो. त्यासाठी कुळांच्या संघांवर सामाईक जबाबदारी टाकली गेली आणि मानशींचे लिलावही त्यांच्याकडे आले. कोमुनिदादीला त्या जमिनीतून मिळण्यासारखं फारसं राहिलं नाही, त्यामुळे बांधात तिचा जीव राहिला नाही. संघातल्या अनेकांनी भात करणं सोडलं होतं, मुलं मुंबईला किंवा बोटीवर. त्यांना बांधापासून मिळणारं एकच उत्पन्न उरलं, लिलावातला वाटा. आणि मानस घेणारा जास्त बोली तेव्हाच लावतो जेव्हा त्याला जास्त खारं पाणी आत घ्यायची मोकळीक मिळते. बांध फुटला तर? मग खात्याकडे अर्ज करायचा.

म्हणजे एखाद्या ठिकाणी आजही हद्द स्पष्ट, सभासद ठरलेले, सभा होते, लिलाव नियमाने होतो. तत्त्वं बऱ्यापैकी शाबूत. फक्त त्या सभेत भात करणारे अल्पमतात आहेत. सभा नीट चालते आणि नीट चालूनच शेत बुडवायचा ठराव करते. असा प्रकार पुस्तकाच्या तक्त्यात कुठे लिहायचा, हे मला अजून सापडलेलं नाही. ‘नियम जागेला साजेसे नाहीत’ या रकान्यात टाकता येईल, पण तो शेरा निकाल कळल्यावर मारलेला असेल.

कुठल्या गावात हे घडतंय हे ओळखायची खूण सोपी आहे. मानशीची बोली वर्षागणिक चढते आणि आतल्या भाताचं क्षेत्र घटतं. शेतात खारफुटीची रोपं उभी राहिली की समजावं, दार बराच काळ कोणाच्या तरी सोयीने उघडं आहे.

पण गावकारी म्हणजे आपली जुनी लोकशाहीच होती ना?

गावकारांसाठी होती. जण, म्हणजे उरलेल्या पैशातला वाटा, मिळायचा तो मूळ वसाहत करणाऱ्या घराण्यांतल्या पुरुष वारसांना. घरातल्या बाईला नाही, आणि चिखलात उतरून बांध घालणाऱ्या कुणब्या-गावड्याला तर नाहीच. बांधाच्या कामात हात त्याचे, सभेत आवाज दुसऱ्याचा.

टोर्बेलमध्येही हेच आहे. १४८३ च्या तिथल्या नियमावलीने गावात जमीन विकत घेणाऱ्या परक्या माणसालाही सामाईक कुरणाचा हक्क नाकारला. पुस्तक हे सांगतं, पण ‘स्पष्ट हद्द’ म्हणून सांगतं, म्हणजे गुण म्हणून. आतून पाहिलं तर ती हद्द, बाहेरून पाहिलं तर ते दार बंद. भारतातल्या वनसमित्यांचा अभ्यास करणाऱ्या बीना अगरवाल यांनी बायकांबाबत हा मुद्दा फार नेमका मांडला आहे: जंगल राखायचं म्हणून सरपण बंद केलं की ते कुणाच्या डोक्यावरचं ओझं वाढवतं, हे समितीच्या इतिवृत्तात येत नाही.

टिकणं म्हणजे यश, ही या पुस्तकाची मोजपट्टी आहे. अन्यायही चांगला टिकतो.

मग हार्डिन चुकला होता का?

त्याने वर्णन केलं ते नियम नसलेल्या कुरणाचं. पुढे १९९४ साली त्यानेच ‘राखण नसलेलं सामाईक’ असं म्हणायला हवं होतं अशी दुरुस्ती केली.

हेच तर्क गोव्याच्या खाणींना लावता येतील का?

नाही. लोहखनिज काढलं की संपलं, ते पुन्हा उगवत नाही. पुस्तकाने आपली मर्यादा स्वतःच आखून दिली आहे: पुन्हा भरून येणारे साठे, एका देशातले, आणि पन्नास ते पंधरा हजार माणसांच्या आवाक्यातले. शिवाय वापरणारे एकमेकांना नुकसान करू शकतात पण बाहेरच्यांना मोठं नुकसान करत नाहीत, अशीच प्रकरणं घेतली आहेत. डिचोली-सत्तरीत खाणीची माती ज्याच्या शेतात उतरली त्याला विचारा, तो या अटीत बसतो का. खाणींसाठी वेगळे प्रश्न आणि वेगळं वाचन लागेल.

सगळं धरून पुस्तकाचं योगदान किती मानायचं?

तीन गोष्टी वेगळ्या करून सांगतो, कारण एकाच मापाने मोजलं तर घोटाळा होतो.

सरकार किंवा बाजार, तिसरं नाहीच, हे विधान या पुस्तकाने कायमचं मोडलं. त्यासाठी एक भक्कम प्रतिउदाहरण पुरे होतं, इथे कितीतरी आहेत. या बाबतीत पूर्ण गुण.

टिकण्याची कारणं शोधण्यात ते अर्ध्या वाटेवर आहे. नियमांची यादी हाती येते, पण एकच नियम एका गावात राखतो आणि दुसऱ्यात बुडवतो तो कशाने, हे कळत नाही. त्याचं उत्तर बहुधा नियमात नसून उत्पन्न कुठून येतं आणि नुकसान कोण सोसतो यात असतं. अरुण अगरवाल यांनी २००१ मध्ये अशाच अर्थाने म्हटलं होतं की या परंपरेतले अभ्यास गटाच्या आतल्या रचनेवर खिळून राहतात आणि बाजार, लोकसंख्या, सरकार यांचा बाहेरून येणारा रेटा कमी धरतात. टीका योग्य आहे.

आणि सत्तेचा प्रश्न, म्हणजे नियम कोणी कोणासाठी केले, तिथे पुस्तक कमकुवत आहे. त्याबद्दल वेगळी पुस्तकं वाचावी लागतात.

एवढं असूनही मी ते कपाटात पुढच्या रांगेत ठेवतो. एखाद्या गावातल्या बांधाबद्दल बोलायला बसलं तर सगळ्यात आधी काय विचारायचं, हे मला या पुस्तकाने शिकवलं: राखण कोण करतो, त्याचे पैसे कुठून येतात, आणि पहिल्यांदा चुकणाऱ्याचं काय होतं. फक्त त्यात चौथा प्रश्न मी माझ्या पदरचा घालतो: बांध फुटला तर सभेत हात वर करणाऱ्यांपैकी कितीजणांचं भात बुडेल?

अर्थशास्त्र शिकलेलो नाही. वाचायला झेपेल का, आणि कुठून सुरू करू?

झेपेल. इंग्रजी साधं आहे, दुसरं प्रकरण सोडून. तिथे संज्ञांची फार गर्दी आहे, पहिल्या वाचनात ते बाजूला ठेवलंत तरी चालेल. पहिल्या प्रकरणातला गुराख्यांचा खेळ कागद-पेन्सिल घेऊन सोडवा. मग थेट तिसरं, टोर्बेल आणि व्हॅलेन्सियासाठी. व्हॅलेन्सियाचं पाण्याचं न्यायालय दर गुरुवारी कॅथेड्रलच्या दाराशी बसतं आणि तिथल्या तिथे निकाल देतं, ते वाचताना आपल्याकडची जुनी कोर्टातली प्रकरणं आठवून हसू येईल. त्यानंतर पाचवं, म्हणजे अपयशांचं. चौथं प्रकरण लॉस एंजेलिसच्या भूजलाचं, ते लांब आहे पण घाई करू नका, कारण लोक नियम कसे घडवतात हे पायरीपायरीने फक्त तिथेच दिसतं. शेवटचं प्रकरण संशोधन करणाऱ्यांसाठी. तुमच्या गावात खाजन असेल तर पाचव्या प्रकरणातला तक्ता समोर ठेवून त्यात आपल्या गावाची एक ओळ भरून बघा. दोन शेजाऱ्यांनी वेगवेगळी भरली तर ती दोन्ही घेऊन पुढच्या बैठकीला या.